पाव मिलिग्रॅमचा हिशेब

देऊळघाटला मामांच्या घरी गेलो तेव्हा त्यांचा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि उजव्या हाताने ते चहाची बशी सावरत होते. पडले कसे, ते त्यांना आठवत नव्हतं. मामेभावाने सांगितलं, "रात्री साडेनवाला गोळी घेऊन झोपले. सकाळी उठवलं तर उठेनात. अकराला डोळे उघडले, पण बोलणं अडखळत होतं. दुपारी लघवीला म्हणून एकटेच उठले अन् उंबऱ्यात आडवे झाले. मनगट गेलं." मामा मध्येच म्हणाले, "अरे, गोळी तर तीच होती. रोजचीच."

ती रोजचीच नव्हती. गेले काही महिने मी त्याच्याच मागे आहे.

मामा निवृत्त शिक्षक. मामी गेल्या आणि त्यांची झोप उडाली. पैनगंगेच्या काठचं हे गाव रात्री दहाला शांत होतं, आणि शांत घरात जागं असलेल्या माणसाला रात्र फार लांब वाटते. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी त्यांना अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी दिली. रात्री एक, तीही दोनच आठवडे. दोन आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, आता बंद करायची, सवय लागते. मामांना ते पटलं नाही. मेडिकलवाल्याकडे गेले, तर त्याने नवी चिठ्ठी मागितली. त्यात त्याचं काही चुकलं नाही. अल्प्राझोलाम औषध नियमांच्या 'एच वन' परिशिष्टात येतं. 2014 पासून अशा औषधाच्या प्रत्येक विक्रीची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत करावी लागते: चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं. ही वही तीन वर्षं जपून ठेवायची असते. शिवाय हे औषध अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याखालीही येतं. ओळखीच्या माणसाला दुकानदार एखादं पाकीट देत असेलही, पण देताना त्याचा हात अडखळतो.

फोनवरच्या वेबसाइटचा हात अडखळला नाही. घरातल्याच एका मुलाने आजोबांसाठी म्हणून शोधलं. औषधाचं नाव टाकलं, पावर निवडली, वय टाकलं. 'डॉक्टरांचा सल्ला मोफत' असं लिहिलेल्या चौकटीवर बोट ठेवताच कुणा डॉक्टरच्या नावाची चिठ्ठी आपोआप तयार झाली. ना फोन आला, ना प्रश्न. आठ दिवसांत कुरिअरने तीस गोळ्या आल्या. पाकिटावर पावर होती अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे डॉक्टरांच्या गोळीच्या दुप्पट. घरच्यांना वाटलं, अर्धी करून देऊ, पैसेही वाचतील.

त्या चिठ्ठीबद्दल आधी सांगतो, कारण भली माणसं फसतात ती तिथेच. मार्च 2020 मध्ये देशात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. फोनवर, व्हिडिओवर डॉक्टरांनी काय लिहून द्यायचं आणि काय नाही, याच्या याद्या त्यात आहेत. अमली पदार्थांच्या कायद्यात मोडणारी मनःप्रभावी औषधं 'लिहू नयेत' या यादीत पडली. म्हणजे कधी न भेटलेल्या माणसाला चौकटीतल्या एका टिचकीवर अल्प्राझोलाम लिहून देणारी चिठ्ठी ही चिठ्ठीच नव्हे. ऑनलाइन औषधविक्रीसाठी 2018 मध्ये केंद्राने जो नियमांचा मसुदा काढला, त्यातही ही औषधं ऑनलाइन विक्रीतून वगळली होती. त्यामुळे जो विक्रेता हे औषध चिठ्ठीविना घरपोच देतो, तो त्या एका गोष्टीतूनच आपली ओळख सांगून टाकतो. त्याच्यापाशी वही नाही, बिल नाही, घाऊक खरेदीची कागदपत्रं नाहीत. गोळी कुठून आली, हे त्यालाही ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त.

पहिल्या पाकिटातली अर्धी गोळी मामांना लागूच पडली नाही. मग त्यांनी पूर्ण घेतली. थोडी गुंगी आली, झोप नाही. महिनाभरात ते दीड गोळीवर आले. पाकिटावरच्या छापील आकड्याने तो पाऊण मिलिग्रॅम झाला, डॉक्टरांनी दिलेल्याच्या तिप्पट. दीड गोळीने कशीबशी चार तास झोप लागायची. घरात सगळ्यांची समजूत झाली की मामांना आता 'जास्त पावर लागते'. दुसरं पाकीट आलं. तेच नाव, तोच रंग, तीच दीड गोळी. आणि पहिल्याच रात्रीनंतर हात प्लॅस्टरमध्ये.

गोळीची पावर म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला मी दोन्ही पाकिटं घेऊन बुलढाण्यातल्या एका अनुभवी औषधविक्रेत्याकडे गेलो. त्याने आधी गोळी दाखवली नाही, हिशेब दाखवला. अल्प्राझोलामची पांढरी छोटी गोळी साधारण शंभर मिलिग्रॅमची धरली, तर तिच्यात औषध पाव मिलिग्रॅम. चारशे भागांत एक भाग. बाकीचं सगळं भरण असतं: दुधातली साखर, स्टार्च, गोळी घट्ट बांधणारी आणि पोटात फुटायला मदत करणारी पावडर. "असं समजा," तो म्हणाला, "एक किलो पावडरीच्या दहा हजार गोळ्या पाडायच्या. त्यात औषध किती? अडीच ग्रॅम. चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही. हा अर्धा चमचा दहा हजार गोळ्यांत सारखा वाटायचा."

घरात कणीक मळणाऱ्या कुणालाही यातली अडचण कळेल. किलोभर पिठात चिमूटभर मीठ टाकून वरवर हात फिरवला, तर एक पोळी खारट होते आणि दुसरी अळणी. कारखान्यात म्हणून औषध एकदम ओतत नाहीत. अडीच ग्रॅम औषधात आधी अडीच ग्रॅम भरण घालून एकजीव करायचं, मग त्या पाच ग्रॅममध्ये पाच, मग दहात दहा, असं दुप्पट करत जायचं. आठ-नऊ वेळा दुप्पट केलं की किलोभर होतं. औषधाचे कणही आधीच एकसारखे बारीक दळलेले लागतात, कारण बारीक कण फटींतून तळाशी उतरतात आणि जाड कण वर येतात. ओलसर हवेत गाठी होतात. यंत्राच्या थरथरण्यानेसुद्धा मिसळलेली पावडर पुन्हा वेगळी होऊ लागते. औषधाची दहा मिलिग्रॅमची एक गाठ न फुटता एका गोळीत गेली, तर त्या एका गोळीत चाळीस गोळ्यांचं औषध गेलं. पांढऱ्या पावडरीत ती गाठ डोळ्यांना वेगळी दिसणारसुद्धा नाही.

म्हणूनच इतकं कमी औषध असलेल्या गोळ्यांसाठी औषधकोशात एक खास चाचणी आहे. शंभर गोळ्या एकत्र कुटून सरासरी काढली तर ती भागत नाही, कारण सरासरीत खारट आणि अळणी पोळी एकमेकींना झाकतात. दहा गोळ्या घ्यायच्या आणि प्रत्येकीतलं औषध वेगळं मोजायचं. प्रत्येक गोळी 85 ते 115 टक्क्यांच्या आत बसायला हवी. पाव मिलिग्रॅमच्या गोळीत म्हणजे साधारण 0.21 ते 0.29 मिलिग्रॅम. एखादी बाहेर गेली तर आणखी वीस गोळ्या तपासायच्या. अस्सल कंपनी प्रत्येक बॅचला हे करते, कारण बॅच नापास झाली तर तिचा परवाना धोक्यात येतो.

चोरून गोळ्या पाडणाऱ्याला त्यातलं काहीच करायची गरज नसते. त्याच्याकडे गोळ्या पाडायचं यंत्र असतं, ठसा असतो, छापलेलं फॉइल असतं. ते मोजमाप करणारं यंत्र नसतं, आणि असलं तरी त्याला ते वापरायचं कारण नसतं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. आपण समजतो की नकली गोळी बनवणारा ठरवून औषध कमी घालतो. कधी घालतोही. पण बहुतेक वेळा त्याने काहीच ठरवलेलं नसतं. एका पाकिटातल्या दोन गोळ्यांत किती औषध आहे ते बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला, घेणाऱ्याला, कुणालाच माहीत नसतं. मामांच्या 'पावर वाढली'चा हिशेब तिथेच चुकला. त्यांचं शरीर गोळीला सरावत नव्हतं. ते एका अज्ञात आकड्याच्या मागे धावत होतं, आणि दुसऱ्या पाकिटात तो आकडा बदलला.

आता ती दोन पाकिटं. औषधविक्रेत्याने टेबलावर आपल्याकडचं अस्सल पाकीट मधे ठेवलं आणि आमची दोन बाजूला. पहिल्या नजरेत तिन्ही सारखी. मग त्याने चष्मा काढून पाकीट डोळ्यांजवळ नेलं. अस्सल पाकिटावर डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'एनआरएक्स' अशी खूण होती. अशा औषधांवर ती लागतेच. आमच्या पाकिटांवर ती काळी होती. अस्सलच्या फॉइलवर बॅच नंबर आणि तारखा नंतर उठवलेल्या होत्या, बोट फिरवलं की हाताला लागत. आमच्यावर त्या बाकी मजकुरासोबतच छापलेल्या, सपाट. आणि मग त्याने जे दाखवलं ते मला एरवी कधीच दिसलं नसतं: आमच्या दोन्ही पाकिटांचा बॅच नंबर एकच होता, पण मुदत संपण्याची तारीख वेगळी. एक बॅच एकदाच बनते. तिला दोन मुदती असूच शकत नाहीत.

शेवटी त्याने पहिल्या पाकिटातली एक गोळी मधल्या रेषेवर तोडली. ती रेषेवर तुटली नाही, चुरा झाली. दुसऱ्या पाकिटातली दगडासारखी निघाली, नखाने तुटेना. त्याने ती पेल्यात पाण्यात टाकली. आम्ही बोलत राहिलो, ती तळाशी तशीच बसून होती. दोन पाकिटं एकाच यंत्रातून आली नव्हती. कदाचित एकाच जागेहूनही नव्हती.

एक गोष्ट त्याने बजावून सांगितली, आणि तीही लिहायलाच हवी. "हे सगळं दिसलं म्हणून नकली म्हणता येईल. पण यातलं काही दिसलं नाही म्हणून अस्सल म्हणू नका." ऑगस्ट 2023 पासून देशातल्या तीनशे खपाऊ ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. मोबाईल धरला की कंपनी, बॅच, मुदत आणि परवाना क्रमांक दिसतो. उपयोगी आहे, पण कोडचा फोटो काढून तो हजार पाकिटांवर छापता येतो. कोड बॅचची ओळख देतो, हातातल्या गोळीची नाही.

बाहेरून चांगलं दिसणारं पाकीट कुठवर पोहोचू शकतं, याचं उदाहरण विदर्भातलंच आहे. नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून अन्न व औषध प्रशासनाने 2023 मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा नमुना घेतला. डिसेंबरमध्ये सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला: गोळ्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन नाहीच. पुढे नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातूनही असा साठा जप्त झाला. नागपूर ग्रामीण पोलिसांनी सप्टेंबर 2024 मध्ये सुमारे बाराशे पानांचं आरोपपत्र दाखल केलं. त्यात म्हटलं होतं की या गोळ्या हरिद्वारच्या एका पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत टाल्कम पावडर आणि स्टार्चपासून बनवल्या जात होत्या. या गोळ्या टेंडर काढून, कागदोपत्री, सरकारी रुग्णालयात पोहोचल्या होत्या. त्या दारावर औषध निरीक्षक होता, प्रयोगशाळा होती, तरीही नमुना घेतल्यापासून अहवाल हाती येईपर्यंत महिने गेले. मामांच्या कुरिअरच्या पाकिटाला यातलं एकही दार ओलांडावं लागलं नाही.

पण टाल्कम पावडरची गोळी निदान रिकामी असते, असं कुणी म्हणेल. झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत रिकामी गोळीही निरुपद्रवी नसते. महिनोन्‌महिने खरं अल्प्राझोलाम घेणाऱ्या माणसाच्या मेंदूला त्याची सवय होते. अचानक रिकाम्या गोळ्यांचं पाकीट आलं, तर त्याने औषध एकदम बंद केल्यासारखंच होतं. हात थरथरतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, झोप पार उडते, आणि कधी कधी आकडी येते. घरचे म्हणतात, "गोळी तर चालूच आहे, मग हे कशाने?" आणि डॉक्टरही गोळी चालू आहे असंच गृहीत धरून दुसरीकडे शोधत राहतात.

तिसरी शक्यता सगळ्यात वाईट: गोळीत औषध आहे, पण दुसरंच. फेब्रुवारी 2007 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक इशारा दिला. काही लोकांनी इंटरनेटवरून अल्प्राझोलाम, लोराझेपाम, झोल्पिडेम अशा झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या मागवल्या होत्या. त्या घेतल्यावर त्यांना श्वासाला त्रास होऊ लागला, स्नायू आखडले, इस्पितळ गाठावं लागलं. तपासलं तर गोळ्यांत हॅलोपेरिडॉल निघालं, स्किझोफ्रेनियावर देतात ते तीव्र औषध. मान वाकडी होणं, जबडा धरणं, अंग लाकडासारखं होणं हे त्या औषधाचे ओळखीचे परिणाम. झोपेची गोळी घेतलेल्या माणसाची मान वाकडी झाली, तर घरात कुणालाही अर्धांगवायूच आठवेल. ऑक्टोबर 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला अल्प्राझोलामच्या नावाने विकलेल्या गोळ्यांत फेंटानिल सापडलं. ते अफूच्या जातीचं, मॉर्फिनहून कितीतरी पटींनी तीव्र वेदनाशामक. त्या गोळ्यांवर ठसा अस्सल ब्रँडचाच होता. एक माणूस दगावला.

आपल्याकडे या गोळीच्या मागणीला आणखी एक बाजू आहे. मालेगाव, धुळे भागात अल्प्राझोलामला 'कुत्ता गोळी' म्हणतात, आणि मराठवाड्यात नशेच्या गोळ्यांना 'बटन'. पोलिसांच्या जप्तीच्या बातम्यांत ही नावं नेहमी दिसतात. ज्या गोळीला चोरट्या बाजारात गिऱ्हाईक आहे, तिची नक्कल होणारच. नशेसाठी बनलेला तो माल आणि झोप उडालेल्या म्हाताऱ्याच्या उशाशी आलेला माल वेगवेगळ्या वाटांनी येतो असं समजायला काही आधार नाही.

मामांना मनगटासाठी इस्पितळात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती घेत होते?" मामेभाऊ म्हणाला, दीड गोळी, पाऊण मिलिग्रॅम. डॉक्टरांनी पाकीट पाहिलं आणि कागदावर लिहिलेला आकडा खोडला. नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं. अल्प्राझोलामचा अर्धा भाग साधारण अकरा तासांत शरीरातून निघतो, म्हाताऱ्या माणसात थोडा जास्त वेळ लागतो. पाऊण मिलिग्रॅमने सकाळी जडपणा येईल, पण दुपारपर्यंत बोलणं अडखळणार नाही, विशेषतः जो माणूस महिनाभर त्यावर आहे त्याचं तर नाहीच. याचा अर्थ एकतर औषध लेबलापेक्षा बरंच जास्त होतं, किंवा जास्त काळ टिकणारं दुसरंच काही होतं. दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात.

त्यामुळे उपचारही अवघड झाला. अशी गोळी एकदम बंद करायची नसते, पायरीपायरीने उतरवायची असते. पण पायरी उतरायची तर आपण कितव्या पायरीवर आहोत ते माहीत हवं. मामा शून्यावर होते, एकवर होते की दहावर, कुणाला ठाऊक? डॉक्टरांनी त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. थरथर, घाम, रक्तदाब, नाडी पाहत राहिले. मग इस्पितळातल्या औषधालयातली, मोजलेल्या पावरची, जास्त काळ टिकणारी गोळी अगदी कमी मात्रेत सुरू केली. ज्ञात आकड्यावर आणून उभं केल्यावरच ते उतरवायला लागले, दर काही आठवड्यांनी थोडं थोडं. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. "चिठ्ठीशिवाय आणली म्हणून रुग्ण लपवतात," ते म्हणाले. "लपवू नका. पाकीट घेऊन या. उरलेल्या गोळ्या, कुरिअरचं पुडकं, सगळं आणा. फेकू नका."

आम्हीही फेकणारच होतो. मामेभावाने उरलेल्या गोळ्या पैनगंगेत टाकायचं म्हटलं होतं. औषधविक्रेत्याने थांबवलं. त्याने एक कायद्याचं कलम सांगितलं, जे मला पत्रकारितेत इतकी वर्षं काढून ठाऊक नव्हतं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26 नुसार औषध विकत घेणारा कुणीही साधा माणूस ठरलेली फी भरून ते सरकारी विश्लेषकाकडे तपासायला पाठवू शकतो आणि सहीचा अहवाल मागू शकतो. आणि औषध निरीक्षकाकडे तक्रार केली तर तो स्वतः नमुना घेऊ शकतो, पुढची कारवाईही त्याच्याच हातात असते. आम्ही पाकिटं, कुरिअरचं लेबल, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि ती आपोआप बनलेली चिठ्ठी एका लिफाफ्यात घातली आणि तक्रार लिहिली.

तरी अहवालाचीही एक मर्यादा आहे, ती औषधविक्रेत्यानेच सांगितली. अस्सल बॅचमधल्या दहा गोळ्या तपासल्या तर त्या लाखभर भावंडांबद्दल बोलतात, कारण सगळ्या एका मापाने बनलेल्या असतात. आमच्या पाकिटातल्या दहा गोळ्या त्या दहांबद्दलच बोलतील. अकरावीबद्दल काहीच सांगणार नाहीत. म्हणून "मागच्या वेळी याच साइटची चांगली निघाली" या वाक्याला काही अर्थ नसतो. ते वाक्य मी त्यानंतर देऊळघाटातच आणखी दोन घरांत ऐकलं. एका घरात आई घेत होती, एका घरात तरुण मुलगा. दोघांनाही मी एवढंच म्हटलं की एकदम बंद करू नका, पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा; दारू घेत असाल तर तेही सांगा, कारण दारू आणि ही गोळी मिळून श्वास मंदावतो. आणि कुणी हलवूनही उठत नसेल, श्वास अडकत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करायचा आणि पाकीट सोबत न्यायचं.

मामांच्या प्लॅस्टरला आता दोन महिने होऊन गेलेत. डॉक्टरांनी त्यांना गोळी उतरवताना एक काम दिलं: झोपेची वही. किती वाजता आडवे झालात, अंदाजे कधी डोळा लागला, कधी जाग आली, दुपारी झोपलात का, चहा किती वाजता घेतला. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून बसायचं. रात्री कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळेलाच उठायचं. निद्रानाशावरच्या गोळीविना उपचाराची सुरुवात इथूनच होते. आयुष्यभर मुलांची हजेरी घेतलेल्या माणसाला ते काम जमलं. त्यांनी शंभर पानी वही आखली, रकाने पाडले, लाल शाईने रविवार मारले.

परवा गेलो तेव्हा त्यांनी ती पुढे केली. शेवटची नोंद अशी होती: "मंगळवार. 10.40 ला आडवा. 12 वाजता उठून ओसरीत बसलो. 12.50 ला परत. डोळा 1.15 च्या सुमारास. जाग 5.10. गोळी पाव. चहा दुपारी नाही." 'गोळी पाव'च्या खाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या.